घर तेच, पण दोघांचं वेगळं

प्रतिक्रिया: "सर, ते एकात एक वर्तुळाचं चित्र बी.एड.च्या पेपरात ठीक आहे. आमच्या गावात एकाच घरचा पोरगा शाळेत जाते, पोरगी घरीच राहते. घर तेच, शाळा तीच, गाव तेच. मंग तुमची वर्तुळं काय सांगते? मायबापालाच पडली नाही, साधी गोष्ट आहे."

भाऊ, 'घर तेच' इथंच माझी हरकत आहे. ती वर्तुळं मानसशास्त्रज्ञ ब्रॉनफेनब्रेनरची: मुलाच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या भोवतालाचे एकात एक थर. त्याच्या 1979च्या पुस्तकात सगळ्यात आतलं वर्तुळ म्हणजे चार भिंती नव्हेत. मूल तिथं रोज काय करतं, कोणाशी कसं वागतं, ते आहे. पोराच्या वाट्याला दप्तर येतं आणि पोरीच्या कडेवर दोन वर्षांचं भावंड, तर एका छपराखाली दोन वेगळी घरं आहेत.

ते भावंड कडेवर का, ते बघू. दिवाळीनंतर कापूस वेचणीचा जोर. मजुरी किलोवर, म्हणून दव सुकलं की माय वावरात, ते दिवस कलेपर्यंत. अंगणवाडीत शिकायला घेतात तीन वर्षांपुढची लेकरं. दोन वर्षांचं तिथं बसवता येत नाही. पोरगी त्या वावरात पायही ठेवत नाही, तरी तिथला मजुरीचा हिशेब तिची हाजरी ठरवतो. मूल जिथं नसतं पण जिथलं त्याला लागतं, त्या थराला एक्सोसिस्टिम म्हणतात.

आता शाळेकडून पाहा. पालकसभा दुपारी. ऐन वेचणीत सभेला गेलं की अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून माय येत नाही. गुरुजी समजतात, पालक उदासीन. मग निरोपही जाईनासा होतो. घर आणि शाळा यांच्यातल्या या दुव्याला मेसोसिस्टिम म्हणतात. तो तुटला की 'मायबापाला पडली नाही' हे शाळेतून अगदी खरं दिसतं.

तुमचं म्हणणं खरं असूही शकतं. ते तपासायला हाजरीपट काढा. नोव्हेंबर ते जानेवारी पोरीच्या गैरहजेऱ्या दाटल्या आणि फेब्रुवारी-मार्चात विरळ झाल्या, तर कारण वेचणी. (फरदड घेणारं गाव असेल तर वेचणी लांबते, तेवढं धरा. जुलै-ऑगस्ट तुलनेला घेऊ नका, तेव्हा निंदण असते.) फक्त बाजाराच्या दिवशी खाडे असतील तर कारण बाजार. वर्षभर सारखेच विखुरले असतील, तर आधी वर्गात काय चाललंय ते बघा.

वेचणीच निघाली तर सभा रात्री जेवणानंतर, समाजमंदिरात घ्या. माय येईल, दुवा जुळेल. पण लेकरू कुठं ठेवायचं हा प्रश्न त्यानं सुटत नाही. तो ग्रामपंचायतीपुढंच मांडावा लागेल: वेचणीच्या दिवसांत पाळणाघर.

पोरगीच का, पोरगा का नाही, हे मात्र कोणत्याही हाजरीपटात सापडणार नाही. ते सगळ्यात बाहेरचं वर्तुळ, रीतीभातीचं. ते मायबापानं एकट्यानं ठरवलेलं नाही, तुम्ही-मी पण त्यात आहोत.