दोघांचाच संसार आणि लहान लहान हाका

"तुम्ही तिकडे दोघेच असता. घरात वडीलधारे नाहीत, येणारे-जाणारे नाहीत, मग लग्नाला एवढी वर्षे झाली तरी तुमच्यात पहिल्यासारखीच ओढ असेल ना? आमच्यात आता फक्त कामाचं बोलणं उरलंय. काय करावं?" माझ्या मामेबहिणीने हे विचारले आहे.

एकांत मिळाला म्हणून ओढ टिकते, असे मला परदेशातल्या इतक्या वर्षांत दिसलेले नाही. आपल्याकडे या विषयावर वाद सुरू झाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. माझ्या मावशीसारखी माणसे म्हणतात की प्रेमाची जागा सवयीने घ्यायचीच असते, त्यालाच संसार म्हणतात. तरुण मंडळी म्हणतात की जोडप्याला मोकळीक मिळत नाही, ती मिळाली की सगळे सुरळीत होईल. इकडे मोकळीक पुरेपूर आहे, तरीही आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत संध्याकाळी दोन माणसे एकाच सोफ्यावर दोन पडद्यांकडे बघत बसलेली असतात. मावशीचे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. सुरुवातीच्या काळातला तो ध्यास बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतो आणि त्यात कोणाचा दोष नसतो. त्याबरोबर जिव्हाळाही ओसरलाच पाहिजे, हे मात्र मला मान्य नाही.

जिव्हाळा नेमका कुठून गळतो, हे समजून घ्यायला मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचे काम मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यांनी 1990च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात घरासारखी सजवलेली एक प्रयोगशाळा केली आणि नवविवाहित जोडप्यांना तिथे नेहमीप्रमाणे दिवस घालवायला सांगून त्यांचे चित्रीकरण केले. त्या चित्रीकरणात भांडणांपेक्षा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी बोलक्या ठरल्या. एक जण खिडकीबाहेर बघून "बघ, केवढे ढग आलेत" म्हणतो. त्याला हवामानावर चर्चा नको असते, दुसऱ्याने क्षणभर आपल्याकडे वळावे एवढेच हवे असते; ही एक लहानशी हाकच असते. दुसरा वळतो, दुर्लक्ष करतो किंवा खेकसतो. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, ती अशा 100 हाकांपैकी सरासरी 86 वेळा वळली होती, आणि जी विभक्त झाली होती ती 33 वेळा, असे गॉटमन यांनी नोंदवले आहे. वळल्यामुळे संसार टिकला की मुळात सुखी असलेली माणसेच अधिक वळतात, हे या आकड्यांवरून ठरत नाही. तरीही कुठे बघायचे, हे त्यांतून कळते.

परदेशातला आणि घरचा फरक मला इथेच दिसतो. माणसांनी भरलेल्या घरात "अगं, आज काय झालं माहितीये" ही हाक नवऱ्याने ऐकली नाही तर नणंद ऐकते, शेजारीण ऐकते, आणि मन मोकळे होते. त्यामुळे जोडप्यातली पोकळी बराच काळ लक्षातच येत नाही. इकडे प्रत्येक हाक एकाच माणसाकडे जाते. ती चुकली तर ती झेलणारे दुसरे कोणी नसते, आणि पुष्कळदा चुकली की माणूस हाक मारणेच सोडून देतो. दुरून ही शांतता समजूतदारपणासारखी दिसते.

आमच्या परिचयातल्या एका जोडप्याचे उदाहरण सांगते. दोघांची नोकरी आणि एक शाळकरी मुलगी. तो घरी आला की बूट काढता काढताच ती विचारायची, "विम्याचा हप्ता भरला का? उद्या हिला कोण आणणार?" तो फोनकडे बघत उत्तरे द्यायचा. दोघेही एकमेकांचे विश्वासू कारभारी झाले होते. एका समुपदेशक बाईंनी त्यांना मोठे काहीच सांगितले नाही. कामांची यादी स्वयंपाकघरातल्या कागदावर लिहायची आणि मुलगी झोपल्यावरच त्या कामांवर बोलायचे. घरी आल्यावरची पहिली काही मिनिटे फोन खोलीबाहेर ठेवून बसायचे आणि त्या वेळात एकही काम काढायचे नाही.

सुरुवातीचे दिवस अवघड गेले. "कसा गेला दिवस?" "ठीक." याच्यापुढे गाडी सरकेना. मग त्याने आदल्या दिवशीचा धागा पकडून विचारले, "तुझ्या त्या नव्या साहेबांनी अहवाल परत पाठवला होता ना, आज काय म्हणाले?" ती तिथे पहिल्यांदा मनापासून बोलली, कारण काल सांगितलेले आज त्याच्या लक्षात होते. मग दुसरी अडचण आली. ती तक्रार सांगू लागली की तो लगेच उपाय सुचवायचा, आणि ती गप्प व्हायची. "मी फक्त ऐकू, की काही सुचवू?" हे आधी विचारायला त्याला बाईंनी शिकवले. हे प्रश्नाचे वाक्य कृत्रिम आहे, पण त्याचा उपयोग झाला.

सवय रुजते आहे की नुसती पाळली जाते आहे, हे भांडणात कळते. या जोडप्याची भांडणे थांबली नाहीत, पण ऐन वादात कोणीतरी हसू लागले. गॉटमन यांच्या गटाने 2004मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असाच संबंध दिसला होता: जेवणाच्या वेळी जी जोडपी एकमेकांना खेळकरपणे, उत्साहाने प्रतिसाद देत, त्यांच्या वादांत विनोद आणि माया अधिक होती. उलट "मी तीनदा विचारलं, तू एकदाही नाही" असा हिशोब सुरू झाला, तर सवय बिघडली असे समजावे.

माझ्या एका मैत्रिणीला हे सगळे फिके वाटते. ती म्हणते, प्रवासाला जा, काहीतरी नवे करा. तिच्या बाजूनेही पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर आरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विवाहित जोडप्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून दीड तास, दोघांना थरारक वाटेल असे काही एकत्र केले, तर काहींनी नुसते सुखद वाटेल असे. पहिल्या गटाचे वैवाहिक समाधान अधिक वाढले. मात्र त्यासाठी दीड तास पुरला, दूरचा प्रवास लागला नाही. दोघांनाही न येणारी गोष्ट एकत्र शिकणे हे मला त्यातले सर्वांत सोपे रूप वाटते. पण रोजच्या हाका वाऱ्यावर सोडून प्रवासाला गेलेली जोडपी तिथेही तिकिटे आणि वेळापत्रकच बोलतात, हे मी इकडे पुष्कळदा पाहिले आहे.

हे लिहीत असल्याचे कळल्यावर एका परिचिताने विचारले, "म्हणजे बायकोला रोज भेटवस्तू द्यायची का?" नाही, भेटवस्तूंशी याचा संबंध नाही. दुसरीने स्वतःचे सांगितले: नवरा चारचौघांत तिचा पाणउतारा करतो. तिथे या सवयींचा उपयोग नाही. तुच्छता, धाक किंवा मारहाण असेल तिथे आधी सुरक्षितता आणि जाणकारांची मदत हवी. नैराश्याने किंवा तान्ह्या बाळाच्या जागरणाने गळून गेलेला माणूस वळत नसेल, तर तेही दुर्लक्ष समजू नये.

मामेबहिणीचा पुढचा प्रश्न मला आताच दिसतो आहे: सुरुवात एकट्या मीच का करायची? समुपदेशक बाईंच्या मते एकाने सुरुवात केली तर चालते, पण मनातल्या मनात परीक्षा घेत नव्हे. काही आठवडे करून बघावे, आणि दुसरा वळतच नसेल तर "संध्याकाळची दहा मिनिटं मला तुझ्याकडून हवी आहेत" असे स्पष्ट सांगावे. मावशीला हे मागून घेणे कमीपणाचे वाटते. मला तसे वाटत नाही, आणि बहिणीने हे वाक्य याच आठवड्यात म्हणावे, असे माझे मनापासून सांगणे आहे.