मोटार बंदच ठेवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

मराठीत शब्दांची जागा बदलूनही हव्या त्या शब्दावर जोर देता येतो, असं मी मागं लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली:

"शब्दक्रमाचं कौतुक वाचायला बरं वाटतं हो, पण इंग्रजीत कॅपिटलमध्ये लिहिलं की नजर आपोआप तिथं थांबते. साध्या मेसेजात मराठीला तशी सोयच नाही. वाक्य कितीही फिरवा, घाईतला माणूस वाचणार कसं?"

नजरेबद्दल वाद नाही. पण घाईतल्या माणसाचा विषय काढलात, म्हणून आमच्या सांगलीतल्या, विश्रामबागेतल्या सोसायटीचं सांगतो.

गेल्या वर्षी मी मेसेज टाकला: "सोमवारी टाकी धुण्याचे काम असल्याने सकाळी नऊ ते एक या वेळेत पाण्याची मोटार चालू करू नये." व्याकरण चोख. साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मोटार चालू केली. वर टाकीत दोन माणसं ब्रश घेऊन उतरलेली, पाणी थेट त्यांच्या अंगावर. काका मोबाईल पुढं करून म्हणाले, "तूच लिहिलंयस की, मोटार चालू करू..."

"पुढं 'नये' आहे, काका."

मराठीत नकार येतो वाक्याच्या शेपटाला. तो 'नये' कॅपिटलमध्ये लिहिता आला असता, तरी राहिला शेवटीच असता, आणि काका तिथवर पोचलेच नव्हते. पुढच्या वेळी मी नकारच काढून टाकला:

"मोटार बंदच ठेवा. सोमवारी नऊ ते एक. टाकीत माणसं असतील."

'बंद' क्रियापदाला चिकटून आहे. मराठीत बोलताना जोर बहुतेक वेळा तिथंच पडतो. "वॉचमननं मोटार चालू केली" ही नुसती बातमी. "मोटार वॉचमननं चालू केली" म्हटलं की बोट वॉचमनकडं. शब्द तेच, फक्त जागा बदलली. वर 'च' लावला की दुसरी वाट बंद. मात्र हा 'च' जपून लावावा लागतो. "सोमवारीच बंद ठेवा" लिहिलं असतं, तर मंगळवारी काम लांबल्यावर कुणीही बिनधास्त बटण दाबलं असतं.

द्विरुक्तीचं तर आणखी अवघड. आमच्या खजिनदारांनी एकदा जोर द्यायला लिहिलं, "टाकी सोमवारी सोमवारी धुणार." लगेच दोघांचे फोन: दर सोमवारी? खर्च कोण देणार? चूक त्या दोघांची नाही. "सोमवारी सोमवारी" म्हणजे दर सोमवारी, "दोन दोन गोळ्या" म्हणजे प्रत्येक वेळी दोन. जोरच हवा असेल तर मधे 'म्हणजे' घालून पुढच्याला 'च' लावायचा: "सोमवारी म्हणजे सोमवारीच." मग दर आठवड्याचा अर्थ निघत नाही.

तुमचं एक मात्र मान्य. लांबलचक परिच्छेदात मधल्याच एका शब्दाकडं नजर खेचायची, तर यातलं काहीच पुरत नाही. व्हॉट्सॲपवर दोन्हीकडं चांदणी टाकून शब्द जाड होतो, साध्या एसएमएसात मात्र चांदण्याच दिसतात. तिथं मी तो शब्द सरळ पहिल्या ओळीत, एकटा ठेवतो.

काकांनी या वेळी मोटार चालू केली नाही. फोन करून एवढंच विचारलं, "एक वाजला, आता लावू का?"