‘व्हाइल’ लावलं म्हणून शर्ट तासभर जळत नाही

“व्हाइल किंवा ॲज दिसलं की डोळे झाकून दोन्हीकडे पास्ट कंटिन्युअस टाका. व्हेन दिसलं की एकीकडे सिंपल पास्ट. व्हाइल आणि ॲज एकच आहेत, कुठलंही वापरा. अर्थ बघत बसू नका, वेळ जातो.”

दोन माणसं एकाच वेळी काय करत होती हे इंग्रजीत लिहायचे स्वाध्याय तपासताना ठरावीक चुका पुन्हा पुन्हा समोर येतात आणि त्यातल्या बऱ्याचशा, मुलांना नियम म्हणून दिलेल्या वरच्या चार वाक्यांतून आलेल्या असतात. एकच स्वाध्याय घेऊन बघू. तक्ता असा आहे: 7 ते 8 नीता पत्र लिहिते, समीर भिंत रंगवतो. 8 ते 9 नीता झोपते, समीर इस्त्री करतो. 8.20 ला समीरच्या हातून शर्ट जळतो. 9 वाजता नीता उठते आणि त्याच क्षणी समीर दिवा लावतो. यावरून व्हाइल आणि ॲज वापरून वाक्यं करायची आहेत.

पहिल्या ओळीपुरता हा नियम बिनचूक चालतो. ‘व्हाइल नीता वॉज रायटिंग अ लेटर, समीर वॉज पेंटिंग द वॉल.’ दोन्ही कामं ताणलेली आहेत, शेजारी शेजारी चाललेली आहेत आणि आपण दोन्हींच्या मधोमध उभं राहून बघतोय. शिकवताना पहिलं उदाहरण नेमकं असंच असतं, म्हणून नियम पटकन पटतो.

आता 8.20 ची नोंद घ्या. डोळे झाकून लिहिणारा लिहितो, ‘व्हाइल नीता वॉज स्लीपिंग, समीर वॉज बर्निंग हिज शर्ट.’ याचा अर्थ काय झाला? ती झोपली होती आणि हा पठ्ठ्या निवांत बसून शर्ट जाळत होता, बहुधा मुद्दाम. खरं तर इस्त्री जरा जास्त वेळ टेकली आणि शर्ट भाजला, एवढंच घडलं. म्हणून ‘व्हाइल नीता वॉज स्लीपिंग, समीर बर्न्ट हिज शर्ट.’ व्हाइल फक्त एवढंच सांगतं की माझ्या बाजूचं काम त्या वेळी चालू होतं. पलीकडच्या वाक्याचा काळ ते ठरवत नाही. पलीकडे काय घडलं, त्यावर तो ठरतो: काम चालू होतं की एकदा होऊन गेलं.

हे मराठीत आपण रोज न चुकता करतो. ‘नीता झोपली होती, तेवढ्यात समीरने शर्ट जाळला’ असं म्हणतो. ‘तेवढ्यात समीर शर्ट जाळत होता’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे भेद आपल्या कानात आहेच, फक्त इंग्रजी लिहिताना आपण कान बंद करून सूत्र उघडतो.

दोन्ही कामं ताणलेली असली तरी दोन्हीकडे आयएनजी हवंच, असंही नाही. ‘व्हाइल समीर पेंटेड द वॉल, नीता रोट अ लेटर’ हे शुद्ध इंग्रजी आहे. फरक असा, की यात भिंतही रंगवून झाली आणि पत्रही लिहून झालं. ‘वॉज रायटिंग’ म्हटलं की पत्र पूर्ण झालं की नाही, यावर वाक्य गप्प बसतं. तिने तीन पत्रं लिहिली असती तर हा फरक लगेच डोळ्यांत भरला असता. ‘व्हाइल समीर वॉज पेंटिंग द वॉल, नीता रोट थ्री लेटर्स’ हे सरळ आहे. तिथे ‘वॉज रायटिंग थ्री लेटर्स’ लिहिलं तर ती तीन कागद पुढ्यात घेऊन आलटून पालटून लिहीत होती असं वाटतं. मोजलेली, पुरी झालेली गोष्ट आली की हात आपोआप सिंपल पास्टकडे जायला हवा. अर्थात स्वाध्यायाच्या माथ्यावर ‘दोन्हीकडे पास्ट कंटिन्युअस वापरा’ असं लिहिलेलं असेल, तर तिथे तेच लिहायचं. तो त्या स्वाध्यायाचा हट्ट आहे, भाषेचा नाही.

नियमातलं तिसरं वाक्य, ‘व्हाइल आणि ॲज एकच आहेत’, मला सर्वांत खटकतं. नऊच्या नोंदीवर ‘ॲज नीता गॉट अप, समीर टर्न्ड ऑन द लाइट’ हे योग्य आहे: दोन क्षणिक गोष्टी, एकाच ठोक्याला, आणि दोन्हीकडे सिंपल पास्ट. इथे व्हाइल बसतच नाही, कारण व्हाइलला थोडी लांबी लागते. बदलत जाणाऱ्या दोन गोष्टींची जोडीही ॲजचीच: ‘ॲज इट ग्रू डार्कर, समीर आयर्न्ड फास्टर.’ अंधार वाढत गेला तसतसा त्याचा हात भरभर चालला. मराठीतल्या ‘जसजसं – तसतसं’चं हे घर आहे.

याच्या उलट, जिथे ॲज व्याकरणात बसतं तिथेही ते घात करू शकतं. ‘ॲज नीता वॉज स्लीपिंग, समीर वॉज आयर्निंग इन द किचन.’ वाचणाऱ्याला वाटतं, ती झोपली होती म्हणून तो स्वयंपाकघरात इस्त्री करत होता. ॲजला ‘म्हणून’चाही अर्थ आहे आणि वाक्याच्या सुरुवातीला आलं की तो अर्थ चटकन पुढे सरसावतो. निव्वळ ‘त्याच वेळी’ म्हणायचं असेल तर इथे व्हाइल घ्या.

व्हेनबद्दल फार बोलायला नको. ‘व्हेन नीता वोक अप, समीर टर्न्ड ऑन द लाइट’ यात दोन्हीकडे सिंपल पास्ट आहे आणि वाक्य ठणठणीत आहे. फक्त असं म्हटलं की ती आधी उठली, मग दिवा लागला, असा अर्थ निघतो.

राहिला ‘वेळ जातो’चा मुद्दा. एक तपासणी आहे, ती मनातल्या मनात होते. व्हाइल एका वाक्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवा. ‘नीता वॉज रायटिंग व्हाइल समीर वॉज पेंटिंग’ आणि ‘समीर वॉज पेंटिंग व्हाइल नीता वॉज रायटिंग’, दोन्ही सारखीच चालतात, म्हणजे जोडी बरोबरीची आहे आणि दोन्हीकडे आयएनजी शोभतं. पण ‘व्हाइल समीर बर्न्ट हिज शर्ट, नीता वॉज स्लीपिंग’ म्हणून बघा. अडखळलात ना? मग एक काम ताणलेलं आहे आणि दुसरं त्याच्या पोटात घडून गेलेलं आहे.

आणि एक चूक अशी आहे, जी या नियमाच्या जाळ्यात सापडतच नाही, कारण तिच्यात वॉज आणि आयएनजी अगदी जागच्या जागी असतात. मराठीत ‘नीता पत्र लिहिताना समीर भिंत रंगवत होता’ हे चालून जातं, ‘लिहिताना’चा कर्ता वेगळा असू शकतो. त्या वळणाने मुलं लिहितात, ‘व्हाइल रायटिंग अ लेटर, समीर वॉज पेंटिंग द वॉल.’ इंग्रजीत व्हाइलनंतर कर्ता गाळला की तो पुढच्या वाक्यातला कर्ताच धरला जातो, म्हणजे पत्रही समीरच लिहितोय, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात पेन. व्हाइलनंतर ‘नीता वॉज’ एवढे दोन शब्द घातले की पेन नीताकडे परत जातं.