रेशमाचं खरं गुपित कढईत होतं

रेशमाच्या इतिहासावर एक पोस्ट दर थोड्या दिवसांनी फिरत फिरत येते. चीनची राणी लेइझू तुतीच्या झाडाखाली चहा पीत बसली होती, कपात कोष पडला, धागा सुटला आणि पुढे हजारो वर्षं चीनने हे गुपित दडवून ठेवलं, फोडेल त्याला मृत्युदंड. मला या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण तिच्यात धागा आपोआप सुटतो. कोषाचा धागा असा सुटत नाही. तो सोडवावा लागतो, आणि ते काम नेमकं काय होतं हे कळलं की गुपित इतकं का टिकलं हेही बरंचसं कळतं.

अळी कोष विणते तेव्हा तिच्या तोंडातून एकच अखंड तंतू निघत असतो, आजच्या चांगल्या कोषात हजार मीटरच्या आसपास. त्यावर सेरिसिन नावाच्या डिंकाचा थर असतो. तंतूच्या वजनात साधारण चौथा हिस्सा हा डिंकच. तो वाळला की अख्खा कोष टणक होतो आणि बोटांनी त्याचं टोक कितीही शोधलं तरी हाती लागत नाही. गरम पाण्यात डिंक मऊ पडतो, चहाच्या गोष्टीत खरं आहे ते एवढंच.

पुढची कसरत चिन ग्वान या चिनी कवीने अकराव्या शतकाच्या अखेरीस रेशमावरच्या एका छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवली आहे. त्याच्या काळापर्यंत पायाने चालवायचा रहाट आला होता. त्याआधी सूत हाताने चौकटीवर गुंडाळत, पण कढईतलं काम तेच. पाणी किती तापवायचं? तो सांगतो, खेकड्याच्या डोळ्यांएवढे बुडबुडे दिसले पाहिजेत. थर्मामीटर नसलेल्या माणसाने दिलेलं हे माप मला फार आवडतं, कारण त्यामागे कढईशी घालवलेले कितीतरी उन्हाळे आहेत. पाणी कमी तापलं तर डिंक सुटत नाही आणि ओढताच तंतू तुटतो. जास्त तापलं तर कोष भसकतो, तंतूचे पुंजके सुटतात आणि सुतात गाठी येतात.

पाण्यात कोष काडीने हलवत राहायचं. आधी वरची गुंतलेली लव काडीला लागते, ती बाजूला काढायची. मग प्रत्येक कोषाचा एकेरी स्वच्छ तंतू हाती येतो. असा एक तंतू विणायला फारच बारीक, म्हणून समजा सात कोषांची टोकं एकत्र धरून नाण्याच्या भोकातून वर ओढायची. (हे नाणं चिन ग्वाननेच सांगितलंय. चिनी नाण्याला मधे भोक असे, तेच कामाला येई.) भोकातून जाताना सातही तंतू एकमेकांना लागतात आणि मऊ झालेला डिंक वाळता वाळता त्यांना चिकटवून टाकतो. पीळ द्यायची गरजच नाही. पाण्यात कोष टुणटुण नाचत राहतात आणि वर एक सलग सूत रहाटावर गुंडाळलं जातं.

खरं कसब यानंतर लागतं. तंतू सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, कोषाच्या आत जावं तसा तो बारीक होत जातो. सातही कोष एकदम सुरू केले तर सूत शेवटी शेवटी पार बारीक होईल. म्हणून काही कोष नवे, काही अर्धे संपलेले, असा मेळ सतत राखायचा. एक संपला की नव्याचं टोक चालत्या सुतावर अलगद टाकायचं, गाठ न मारता, डिंक त्याला ओढून घेतो. टाकायला उशीर झाला तर तेवढं सूत बारीक राहतं आणि पुढे मागावर नेमकं तिथेच तुटतं. रहाट चालू, पाणी तापलेलं, आणि कढईवरच्या बाईची नजर सातही कोषांवर. हे काम मुख्यतः बायकांचंच होतं, आणि ते आईशेजारी बसूनच शिकलं जाई.

आता हे सूत कापड होऊन रोममध्ये पोचलं की काय व्हायचं? डिंक धुऊन गेलेला. कापड उसवलं तरी हाती येणार गुळगुळीत, बिनपिळाचा, न संपणारा धागा. त्यांना माहीत असलेली लोकर, जवस, कापूस, सगळे आखूड तंतू, कातून लांब केलेले. या नव्या धाग्याचा उगम कापडावरून ओळखायला काही वाटच नव्हती. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की सेरेस, म्हणजे पूर्वेकडचे रेशीमवाले लोक, हे झाडाच्या पानांवरून विंचरून काढतात. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक पॉसेनियस किड्यापर्यंत पोचला, पण त्याचा किडा आठ पायांचा, चार वर्षं धान्य खाणारा, शेवटी खाऊन खाऊन फुटणारा आणि पोटात धागा सापडणारा. मधे व्यापाऱ्यांची लांबलचक साखळी होती आणि त्यातल्या कुणालाच खरं सांगण्यात फायदा नव्हता. माझ्या मते गुपित टिकवण्यात या साखळीचा आणि त्या मुक्या कापडाचा वाटा सीमेवरच्या शिपायांपेक्षा मोठा आहे.

शिपाई असले तरी काय झालं, हे खोतानची कथा सांगते. आजच्या पश्चिम चीनमधल्या तारीम खोऱ्यातलं हे राज्य. सातव्या शतकात तिथून गेलेल्या ह्युएन त्संगने ती नोंदवली आहे. शेजारचं राज्य तुतीचं बी आणि अळीची अंडी देईना, म्हणून खोतानच्या राजाने तिथल्या राजकन्येला मागणी घातली आणि निरोप धाडला, आमच्याकडे रेशीम नाही, तुमचं तुम्ही आणा. तिने बी आणि अंडी शिरोभूषणात लपवली, नाक्यावर तिच्या डोक्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला खोतानजवळच्या दंडान ओइलिकच्या अवशेषांत एक रंगवलेली लाकडी पाटी सापडली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर एक दासी राणीच्या शिरोभूषणाकडे बोट दाखवते आहे, जवळ कोषांची टोपली आहे, माग आहे. कढई मात्र नाही.

त्याचं कारण कथेतच आहे. राणीने दगडावर नियम कोरून घेतला की अळी मारायची नाही, पतंग उडून गेल्यावरच कोष घ्यायचे. नियमामागची करुणा खरी असेल, पण पतंग बाहेर पडताना डिंक विरघळवून कोषाला भोक पाडतो आणि तंतू ठिकठिकाणी तुटतो. असा कोष रहाटावर चालत नाही, त्याचा कापूस करून कातावा लागतो. तारीम खोऱ्यात मिळालेल्या जुन्या रेशमी कापडांपैकी काहींत असंच कातलेलं, पीळ दिलेलं सूत आहे. म्हणजे अंडी आली, तुती आली, रेशीमही झालं, पण चिनी सुताची ती अखंड लांबी आली नाही. कोष तयार झाल्यावर आत पतंग व्हायच्या आधी हालचाल करावी लागते, हे आज जालना-बीडकडच्या कुठल्याही रेशीम शेतकऱ्याला विचारा. बाजार गाठायची त्याची घाई त्यासाठीच असते.

बायझंटियमला, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यालाही हेच भोगावं लागलं. 552 च्या सुमारास भिक्षूंनी जस्टिनियन सम्राटाला अंडी आणून दिली आणि गुपित फुटलं, असं आपण वाचतो. तिथले विणकर त्याआधीपासून इराणमार्गे आलेलं कच्चं सूत उत्तम विणत होते. अंडी आल्यावरही बाहेरच्या सुताची गरज काही लगेच संपली नाही, कारण तुतीची झाडं वाढायला वर्षं लागतात आणि कढईवर बसणारे हात तयार व्हायलाही.