पंचेचाळीसचे तेरा झाले तर कळतं, आठ झाले तर नाही

> "काकाजी, कॉलेजच्या ग्रुपवर हे फिरून राहिलं: 'सेन्सरला हॅमिंग कोड लावा अन् बेफिकीर व्हा. वाटेत कितीही बिट पलटले तरी रिसीव्हर आपोआप दुरुस्त करतो. पॅरिटी बिट १, २, ४, ८ याच जागी पाहिजेत, सारी जादू तिथंच आहे. सिंड्रोम शून्य आला म्हणजे डेटा शंभर टक्के बरोबर.' खरं आहे का हे? बगीच्यात लावाचं आहे."

आधी जागांचं पाहू, बापू. ते उलगडलं की बाकीचं सांगायला सोपं जाईल.

तुझा सेन्सर जमिनीतला ओलावा टक्क्यांत मोजतो आणि एका बाइटमध्ये घरच्या रिसीव्हरकडे पाठवतो. आज ४५ आला असं धर. बिटांत तो ००१०११०१. हॅमिंग कोड या आठ बिटांसोबत तपासणीचे जादा बिट जोडतो, तेच पॅरिटी बिट; प्रत्येक जण आपल्या गटातल्या एकांची संख्या सम करतो. असे किती लागतील? तपासणीच्या निकालाला सिंड्रोम म्हणतात. त्यानं प्रत्येक जागेकडे वेगळं बोट दाखवलं पाहिजे, शिवाय 'काहीच बिघडलं नाही' असंही सांगता आलं पाहिजे. तीन पॅरिटी बिटांचे निकाल आठच तऱ्हांचे, आणि जागा होतात अकरा, भागत नाही. चार घेतले तर सोळा तऱ्हा. जागा बारा, वर एक 'सगळं ठीक'ची, मिळून तेरा. तीन तऱ्हा रिकाम्या राहतात. त्या लक्षात ठेव, पुढं कामी पडतील.

आता बारा जागा मांडू. १, २, ४, ८ रिकाम्या ठेवायच्या आणि उरलेल्यांत डेटा डावीकडून भरायचा:

```
जागा   १  २  ३  ४  ५  ६  ७  ८  ९  १०  ११  १२
बिट    _  _  ०  _  ०  १  ०  _  १  १   ०   १
```

प्रत्येक जागेचा नंबर बायनरीत लिहून पाहा. ६ म्हणजे ४ अधिक २, म्हणून सहावी जागा चारच्या आणि दोनच्या गटात. ११ म्हणजे ८, २ आणि १, म्हणून अकरावी तीन गटांत. गट असेच पडतात, पाठ करायचं काही नाही. चारच्या गटात ५, ६, ७, १२ या डेटाच्या जागा येतात. तिथं ०, १, ०, १ आहेत, एके दोन, म्हणजे सम. म्हणून चौथ्या जागी ०. आठच्या गटात ९, १०, ११, १२, तिथं तीन एके. गट सम करायला आठव्या जागी १. तसंच दोनच्या गटाला ० आणि एकच्या गटाला १ येतो. पूर्ण शब्द झाला:

```
जागा   १  २  ३  ४  ५  ६  ७  ८  ९  १०  ११  १२
बिट    १  ०  ०  ०  ०  १  ०  १  १  १   ०   १
```

मग १, २, ४, ८ यांचं काय विशेष? या चार नंबरांच्या बायनरीत एकच एका असतो. म्हणून प्रत्येक पॅरिटी बिट आपापल्या एकाच गटात पडतो आणि त्याची किंमत एकट्यानं काढता येते. तू पॅरिटी बिट ३, ५, ७ आणि ९ वर ठेवलेस आणि गट तेच ठेवलेस, तर एका पॅरिटी बिटाचा पाय दुसऱ्याच्या गटात अडकेल. चार समीकरणं एकत्र सोडवावी लागतील. ती सुटतातही, आणि एका बिटाची चूक त्याही कोडमध्ये तितकीच दुरुस्त होते. चारही पॅरिटी बिट शब्दाच्या शेवटी टाकले तरी चालतं. मग सिंड्रोम म्हणजे थेट जागेचा नंबर नसतो, सोळा ओळींच्या तक्त्यात पाहावं लागतं, एवढाच फरक. म्हणजे त्या जागा सोयीच्या आहेत. कोडची ताकद गटांच्या वाटणीत आहे: प्रत्येक बिट वेगळ्याच गटांच्या जोडणीत पडतो, आणि कोणताही बिट गटाबाहेर राहत नाही.

आता चूक करून पाहू. वाटेत सहावा बिट पलटला, १ चा ० झाला. कोड नसता तर रिसीव्हरनं ००००११०१ वाचलं असतं, म्हणजे १३. पंचेचाळीस टक्के ओल असताना तेरा दिसली तर मोटर सुरू होणार. आपल्या काळ्या भारी जमिनीत संत्र्याच्या बुडाशी पाणी थांबणं म्हणजे डिंक्या रोगाला आवतण. आता रिसीव्हर चारही गट तपासतो. एकच्या गटात (१, ३, ५, ७, ९, ११) दोन एके, ठीक. दोनच्या गटात (२, ३, ६, ७, १०, ११) एकच एका, बिघाड. चारच्या गटात (४, ५, ६, ७, १२) एकच, बिघाड. आठच्या गटात चार, ठीक. बिघडलेले गट दोन आणि चार, बेरीज सहा. सहावा बिट उलटा केला की ४५ परत.

प्रोग्राममध्ये गट लिहीत बसायची गरज नाही. जिथं जिथं १ आहे त्या जागांचे नंबर हातचा न धरता बायनरीत मिळवत जा, जे उरेल तोच सिंड्रोम:

```
int s = 0;
for (int i = 1; i <= 12; i++)
    if (bit[i]) s ^= i;
```

अ‍ॅरे १३ चा घे आणि `bit[0]` मोकळा सोड. पोरं नेहमी इथंच फसतात. जागा शून्यापासून मोजली तर शून्याव्या जागेची चूक आणि 'चूक नाही' या दोन्हींचा निकाल शून्यच येतो.

पॅरिटी बिटच पलटला तर? आठवा पलटला की सिंड्रोम ८ येतो. डेटाला धक्का लागलेला नसतो, पुढं चालायचं.

म्हणजे एका बिटापुरती ग्रुपवरची दुरुस्तीची गोष्ट खरी. पण 'कितीही बिट' हे पार खोटं. सहावा आणि दहावा असे दोन बिट पलटव. आता एके १, ८, ९, १२ या जागी आहेत. मिळवून पाहा: १ आणि ८ चे ९, त्यात ९ मिळवला की ०, त्यात १२ मिळवला की १२. रिसीव्हरला वाटतं बारावा बिट बिघडला. तो इमानदारीनं चांगला असलेला बारावा बिट उलटा करतो, आणि दोन चुकांच्या तीन होतात. आता डेटा ००००१०००, म्हणजे ८. कोड नसता तर ९ वाचले असते. दुरुस्तीनं काहीच सुधारलं नाही, उलट एक बिट अजून बिघडवला. वर कुठं इशाराही नाही.

सिंड्रोम शून्याचं उत्तरही यातच आहे. ६, १० आणि १२ हे तिन्ही बिट वाटेतच पलटले असते तर? सहा आणि दहा हातचा न धरता मिळवले की बारा, त्यात बारा मिळवले की शून्य. रिसीव्हरला सगळं ठीक दिसतं आणि पडद्यावर ८ येतात. कारण आठचा खरा कोडशब्द पंचेचाळीसच्या कोडशब्दापासून नेमका या तीन बिटांनी वेगळा आहे. या कोडमध्ये असे तीन बिटांच्या अंतरावरचे शब्द असतातच. म्हणून शून्य सिंड्रोमचा अर्थ एवढाच, की आलेला शब्द कुठला तरी वैध शब्द आहे. आपला आहे की नाही, ते सिंड्रोम सांगत नाही.

रिचर्ड हॅमिंग यांनी ही मर्यादा लपवली नव्हती. बेल लॅब्समध्ये शनिवार-रविवारी माणसाविना चालणारं त्यांचं रिलेचं गणितयंत्र चूक पकडायचं आणि काम सोडून द्यायचं, त्या वैतागातून हा कोड आला. त्यांच्या १९५० च्या लेखातच पुढची पायरी आहे: एक जादा बिट, साऱ्या शब्दाच्या पॅरिटीसाठी. आपल्या शब्दात सहा एके, सम, म्हणून तेरावा बिट ०. आता एक बिट पलटला तर एकूण विषम, सिंड्रोम सांगेल तो दुरुस्त कर. एकूण विषम पण सिंड्रोम शून्य, तर तेरावाच पलटला. एकूण सम आणि सिंड्रोम शून्य नाही, तर दोन पलटले; हात लावू नको, वाचन टाकून दे आणि पुन्हा मागव. सर्व्हरच्या मेमरीत बरेचदा ६४ बिटांसोबत ८ जादा असतात, त्यांचा हिशेबही हाच: सात हॅमिंगचे, एक एकूण पॅरिटीचा. तीन बिट पलटले तर हाही बहुतेकदा फसतो, आणि एक दुरुस्त केल्याच्या थाटात फसतो.

मग बगीच्यात दोन-तीन बिट एकदम पलटतात का? पलटतात, आणि तेही शेजारचे. मागच्या साली वरूडकडच्या एका बगीच्यात मीच तेरावा बिट न घालता नुसता बारा बिटांचा कोड लावला होता. ओलावा मधेच आठ-दहावर पडायचा, मोटर सुरू व्हायची. सेन्सर खराब म्हणून बदलला, तरी तेच. शेवटी रिसीव्हरमध्ये प्रत्येक शब्दाचा सिंड्रोम वेळेसकट नोंदवायला लागलो, आणि नोंदींत १३, १४, १५ दिसले. याच त्या तीन रिकाम्या तऱ्हा. जागा बाराच असताना पंधराव्या जागेची चूक होऊच शकत नाही. म्हणजे त्या शब्दात किमान दोन बिट नक्की पलटले. (माझा प्रोग्राम अशा वेळी गुमान पुढं जायचा. चूक माझीच.) वेळा पाहिल्या तर रात्री थ्री फेज लाइन आली की लगेचच्या. साऱ्या शिवारातल्या मोटरी ऑटोवर, लाइन येताच सगळे स्टार्टर एकदम ओढतात, कॉन्टॅक्टर ठिणग्या टाकतात. रेडिओचा वेग सेकंदाला २००० बिट, म्हणजे एक बिट अर्ध्या मिलिसेकंदाचा. दोन मिलिसेकंदांची खरखर सलग चार बिट खाते.

त्यावर उपाय असा केला. आठ वाचनं जमवायची, त्यांचे आठ शब्द एकाखाली एक मांडायचे आणि आडवे न पाठवता उभे पाठवायचे: आधी सगळ्यांचा पहिला बिट, मग सगळ्यांचा दुसरा. आता सलग आठ बिटांपर्यंत खरखर आली तरी प्रत्येक शब्दाचा फार तर एकच बिट जातो, आणि एकाची दुरुस्ती आपल्या हातात आहे. वाचन थोडं उशिरा मिळतं, पण जमिनीचा ओलावा काही मिनिटामिनिटाला बदलत नाही. सोबत तेरावा बिट घातला, आणि सिंड्रोम बाराच्या वर आला की वाचन टाकून द्यायची अट घातली.

तू मोटरीला जोडायच्या आधी आठ दिवस नुसत्या नोंदी घे. शून्य किती, १ ते १२ किती, १३ ते १५ किती, आणि कोणत्या वेळी. १३ ते १५ च्या रकान्यात काही आलं असेल तर ती वही घेऊन ये, मग किती ओळी उभ्या मांडायच्या ते ठरवू.