पार्टनरला राणी दिसली की

कॅरमच्या डबल्समध्ये पार्टनर समोर बसतो, दोन्ही बाजूंना शत्रू, आणि टुर्नामेंटच्या नियमात पार्टनरशी बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. नियम करणाऱ्याने माझ्या मेव्हण्याला बघितलं नसणार. तो माझा पार्टनर आणि त्याला राणी दिसली की बाकी बोर्ड दिसतच नाही.

परवाचाच बोर्ड सांगतो. शत्रूंचे १८ पॉइंट, त्यांची एकच काळी उरलेली आणि ती पॉकेटच्या तोंडावर. आता वाटेल की संपलं, पण राणी बोर्डवर असताना ती शेवटची काळी त्यांनी पाडली तर बोर्ड तेच हरतात, आणि चुकून आपण पाडली तर आपण, त्यामुळे तिच्या आसपासही कोणी फिरकत नव्हतं. आमच्या पांढऱ्या तीन. दोन माझ्या डाव्या हाताला, एकमेकींना चिकटलेल्या आणि एक मेव्हण्याच्या अगदी पुढ्यात, बेसलाइनच्या अलीकडे फ्रेमला टेकून. म्हणजे त्याला बॅक शॉट, तोही अंगठ्याने, आणि मला समोरची सरळ सोंगटी. डबल्समध्ये हेच तर बघायचं असतं, त्याची अवघड सोंगटी ती माझी सोपी!

टर्न मेव्हण्याची आणि राणी सोपी होती. पण राणी पाडली की लगेच पुढच्याच शॉटला त्यानेच आपली एक सोंगटी पाडून कव्हर द्यायचं, तिथे मी कामाचा नाही. टर्न उजवीकडे जाते म्हणून आडवं लावायचं ते फक्त उजव्या हाताच्या माणसाला, डावीकडचा येईपर्यंत मधे आपला पार्टनर खेळतोच. त्याने हळूच ती जोडी फोडून एक पांढरी उजवीकडच्याच्या लाइनमधे सरकवली असती, तो चुकला असता, मग राणी मी घेतली असती आणि समोरच्या पांढरीने कव्हर. इतकं साधं, पण बोलायला बंदी, मी नुसता खोकलो आणि अंपायरने माझ्याकडे बघितलं.

मेव्हण्याने राणी पाडली, माझ्याकडे बघून हसला, अंगठा लावला आणि स्ट्रायकर थेट पॉकेटमधे.

राणी परत सेंटरला, वर दंडाची एक ड्यू, म्हणजे आमच्या तीनच्या चार. ड्यू लावणार शत्रू, आणि त्यांनी ती इतक्या प्रेमाने लावली की राणीला जायला रस्ता पूर्ण मोकळा. उजवीकडच्याने राणी घेतली, तोंडावरची काळी कव्हरला ढकलली, संपलं. आमच्या चार आणि राणीचे तीन, सात, १८ चे बरोब्बर २५ आणि गेमच गेला. नुसतं कव्हर चुकून स्ट्रायकर वर राहिला असता तर २४ वरच अडकले असते ना, अजून एक बोर्ड मिळाला असता! हे सगळं मी त्याला नंतर बोटांवर मोजून सांगितलं.

"पण दाजी," तो म्हणाला, "राणीचा कट कसला बसला होता!"