'तपासात काही आढळलं नाही' या एका ओळीवर कोणाचंही समाधान होत नाही

कंपनीतल्या अंतर्गत तक्रारीचा निकाल तक्रारदाराला कसा कळवायचा यावर सध्या फिरत असलेला सल्ला असा: "आरोप सिद्ध झाले नाहीत ना, मग तक्रारदाराला एका ओळीचा मेल टाका, 'तपासात काही आढळलं नाही, केस क्लोज'. कारणं सांगू नका, गोपनीयतेमुळे तसंही काही सांगता येत नाही. समोर भेटू तर अजिबात नका, भेटलात की वाद वाढतो. जितकं कमी लिहाल तितकं कायदेशीरदृष्ट्या सेफ."

आधी त्या 'काही आढळलं नाही' बद्दल, कारण सगळी गडबड तिथेच आहे. समजा सपोर्ट टीममधल्या एकीने आपल्या मॅनेजरविरुद्ध तीन गोष्टींची तक्रार केली. एक, बंद केबिनमध्ये दोघंच असताना तो म्हणाला की 'सुट्टी घेतलीस तर अप्रेझलला बघतो तुला'. दोन, सुट्टी घेतली म्हणून तिला मोठ्या क्लायंटच्या कामावरून काढलं. तीन, टीम मीटिंगमध्ये तो तिच्यावर ओरडला. तपास झाला आणि तिन्ही आरोप 'सिद्ध नाहीत' असा रिपोर्ट आला. पण रिपोर्ट उघडून वाचा. पहिल्यात ती म्हणते बोलला, तो म्हणतो नाही बोललो, तिसरं कोणी नव्हतं, मेसेज नाही, दोघांच्याही सांगण्यात विसंगती नाही, म्हणजे काय घडलं ते ठरवताच आलं नाही. दुसऱ्यात काम बदलायचा मेल तिने सुट्टी मागायच्या 2 आठवडे आधीचा निघाला, म्हणजे इथे पुरावा उलट बाजूला आहे. आणि तिसऱ्यात तो आवाज चढवून बोलला हे मीटिंगमधल्या लोकांनी सांगितलंय, फक्त तो सगळ्या टीमवर चढवला होता, तिला एकटीला धरून नाही, त्यामुळे कंपनीच्या पॉलिसीतल्या छळाच्या व्याख्येत ते बसलं नाही.

आता या तिन्हींना मिळून 'काही आढळलं नाही' म्हणायचं? तिसऱ्या बाबतीत ते सरळसरळ खोटं आहे, आढळलंय की! पहिल्या बाबतीत ती ओळ वाचून तिला वाटणार की आपल्याला खोटारडी ठरवलं, आणि रिपोर्ट तर तसं कुठेच म्हणत नाहीये. म्हणून आरोपागणिक निष्कर्ष सांगायचा आणि सिद्ध का नाही झालं त्याची जात सांगायची: ठरवता आलं नाही, का पुरावा उलट निघाला, का घडलं पण नियमभंगात बसत नाही. बहुतेक कंपन्यांच्या अंतर्गत चौकशीत निकष 'घडल्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का' एवढाच असतो, फौजदारी खटल्याइतका कडक नसतो, आणि हा निकष तिला साध्या शब्दांत सांगितला की 'पारडं कुठेच झुकलं नाही' हे तिला निदान समजतं तरी. पटेल असं नाही हं.

गोपनीयतेचं म्हणाल तर ती आहेच, पण ती कशाची आहे ते बघा. कोणत्या साक्षीदाराने काय सांगितलं, मॅनेजरच्या फाइलमध्ये काय आहे, त्याला समज दिली का ट्रेनिंगला पाठवलं, हे नाही सांगायचं. पण किती जणांशी बोललो, कोणत्या प्रकारची कागदपत्रं पाहिली, तिच्या प्रत्येक मुद्द्यावर काय ठरलं आणि का, यातलं बहुतेक कोणाचंही नाव न घेता सांगता येतं. टीम फार लहान असेल तर मात्र जपून, तीनच माणसं असतील तर 'एका साक्षीदाराने' म्हटलं तरी कोण ते लगेच कळतं. तिने दिलेल्या नावांपैकी कोणाला बोलावलं नसेल तर तेही कारणासकट सांगावं, कारण तो प्रश्न येतोच, आणि तिथे अडखळलात की पुढचं सगळं संशयाने ऐकलं जातं.

भेटू नका म्हणे. वाद भेटल्यामुळे वाढत नाही, संध्याकाळी साडेसहाला मेल येतो आणि विचारायला समोर कोणी नसतं तेव्हा वाढतो. भेट ठेवा, कंपनीकडून दोघं, तिला सोबत कोणाला आणायचं असेल तर आणू दे, आणि मॅनेजरलाही त्याच दिवशी वेगळं कळवा म्हणजे एकाचा निकाल दुसऱ्याच्या तोंडून पँट्रीत कळणार नाही. प्रक्रियेची पंधरा मिनिटं प्रस्तावना नको, ती तेवढा वेळ फक्त निकालाची वाट बघत असते, एक शब्दही डोक्यात जात नाही. पहिल्या दोन मिनिटांत सांगा: 'तीनही आरोप सिद्ध झालेले नाहीत, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत, एकेक करून सांगतो.' मग थांबा.

ती विचारणार, "म्हणजे मी खोटं बोलले असंच ना?" इथे लोक घाबरून एकतर 'तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल' म्हणतात, नाहीतर 'आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे'. दोन्ही नको. पहिल्याने तिच्या अनुभवावर चुकीचा म्हणून शिक्का बसतो, दुसऱ्याने तुम्ही मॅनेजरला खोटारडा म्हणता आणि स्वतःच्याच रिपोर्टच्या विरुद्ध जाता. सरळ उत्तर असं: 'नाही. तुम्ही जाणूनबुजून खोटी तक्रार केलीत असा निष्कर्ष कुठेही नाही. केबिनमधलं बोलणं झालं की नाही हे उपलब्ध पुराव्यावर ठरवता आलं नाही. कामाच्या बदलाचा निर्णय मात्र तुम्ही सुट्टी मागायच्या आधीचा आहे, तो मेल आम्ही पाहिलाय.' शेवटचं वाक्य तिला आवडणार नाही, तरी ते गोड करत बसू नका. रडू आलं, राग आला तर येऊ दे, फक्त त्या खोलीत निष्कर्षावर नव्याने घासाघीस सुरू करायची नाही. त्यासाठी अपील आहे. भेटीच्या शेवटी हेच सगळं लिहिलेलं पत्र हातात द्या, तोंडी एक आणि कागदावर दुसरं असं होता कामा नये.

आणि कमी लिहिलं की सेफ? उद्या प्रकरण बाहेर गेलं आणि तपासाचा रिपोर्ट मागितला गेला, त्यात लिहिलंय आवाज चढवला, आणि तुमचा मेल म्हणतो काही आढळलं नाही. ही विसंगती समजावत बसा मग. वकिलाला दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण त्याने पत्र अचूक करावं, रिकामं नाही.

शेवटी 'केस क्लोज'. तपास चालू असताना तिला तात्पुरतं दुसऱ्या लीडकडे रिपोर्ट करायला सांगितलेलं असतं, केस क्लोज झाली की ते पूर्ववत होतं आणि सोमवारी सकाळी ती त्याच मॅनेजरच्या वन-ऑन-वनमध्ये बसलेली असते. हे कोणाच्या लक्षातच नसतं, खरंच. त्यामुळे सोमवारपासून कोणाला रिपोर्ट करायचं, या वर्षीचं रेटिंग त्याच्याबरोबर आणखी कोण बघणार, हे त्या भेटीतच सांगा. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून व्यवस्था बदलता येत नाही असा काही नियम नाही, फक्त तो बदल शिक्षा म्हणून तिच्यावर पडायला नको, तिला उचलून कोपऱ्यात टाकलं तर तो सूडच दिसणार. सूड म्हणजे धमकीच असते असंही नाही, मीटिंगचं इन्व्हाइट यायचं बंद होतं, रजा दरवेळी 'बघू' वर अडकते, तर हे असं झालं तर कोणाला सांगायचं त्या माणसाचं नाव द्या आणि 30, 60 आणि 90 दिवसांनी त्याने स्वतःहून विचारायचं अशी तारीख कॅलेंडरमध्ये टाका. अपील कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या कारणावर (नवीन पुरावा किंवा प्रक्रियेतली चूक असं बहुतेक ठिकाणी असतं) हेही पत्रात हवं. बाहेर दाद मागायचा तिचा हक्क तसाच राहतो, त्यावर 'कशाला ताणताय' असा मित्रत्वाचा सल्ला देऊ नका.